जपानमध्ये दाखवायचं शाकाहाराचं कार्ड: ‘मांस-मासे नको’ एवढ्याने का भागत नाही

प्रश्न: नोव्हेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन दहा दिवस जपानला चाललोय. तिघंही पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. दूध-दही चालतं, कांदा-लसूण चालतो. तिथल्या हॉटेलांत दाखवायला जपानी भाषेत छोटं कार्ड छापून न्यायचंय. ‘आम्ही शाकाहारी आहोत, मांस आणि मासे खात नाही’ एवढं लिहिलं तर पुरेल का? आणि असं कार्ड पुढे करणं उद्धटपणाचं तर वाटणार नाही ना?

उत्तर:

पुरणार नाही. कार्ड पुढे करणं मात्र अजिबात उद्धटपणाचं नाही. उलट मोडक्यातोडक्या इंग्रजीत पाच मिनिटं समजावत बसण्यापेक्षा तिथल्या माणसाला कागदच बरा वाटतो, कारण तो कागद तो सरळ आत स्वयंपाकघरात नेऊ शकतो. मी गेली १४ वर्षं तोक्योत दुभाष्याचं काम करते, आणि त्यातली बरीच वर्षं आपल्याकडून आलेल्या कुटुंबांना जेवायला घेऊन जाण्यातही गेली आहेत. माझं आजचं कार्ड पाच-सहा वेळा बदलून झालेलं आहे. ते कसं बदलत गेलं ते सांगते, म्हणजे प्रत्येक ओळ तिथे का आहे ते कळेल.

माझं पहिलं कार्ड तुमच्या वाक्यासारखंच होतं. ते दाखवून एका सोबाच्या, म्हणजे कुट्टूच्या शेवयांच्या दुकानात दोन पाहुण्यांसाठी साधा गरम सोबा मागवला. मालकाने कार्ड नीट वाचलं, मान डोलावली आणि वरची माशाच्या वड्यांची चकती काढून, नुसती पालेभाजी घालून वाडगा आणला. त्याने त्याच्या परीने चोख काम केलं होतं. पण वाफेबरोबर जो धुरकट वास आला तो माशाचा होता. ज्या रश्शात शेवया होत्या तो रस्साच वाळवलेल्या माशाचा होता, आणि तो ‘मासा’ आहे असं मालकाच्या मनातही आलं नव्हतं.

खरी अडचण इथे आहे. त्या रश्शाला दाशी म्हणतात. कात्सुओ नावाचा मासा उकडून, धुरावर वाळवून लाकडासारखा कडक करतात आणि त्याचे पातळ काप गरम पाण्यात भिजवून गाळून घेतात. बरोबर बहुधा कोम्बू ही समुद्री वनस्पती असते. काही ठिकाणी निबोशी, म्हणजे वाळवलेल्या छोट्या मासळीचा अर्क असतो, आणि घाईच्या स्वयंपाकघरात तयार दाणेदार पूड. गाळल्यावर वाडग्यात माशाचा तुकडा दिसत नाही. आपण भाजीत काय काय आहे असं कुणाला विचारलं तर तो बटाटा, वाटाणा, टोमॅटो सांगेल. फोडणीतलं हिंग कोणी सांगत नाही. दाशीचं तिथे तसंच आहे. मिसो सूपमध्ये ती असते, सोबा आणि उदोन या शेवयांच्या रश्शात असते, तेम्पुरा या जपानी भज्यांबरोबरच्या बुडवायच्या वाटीत असते. शिजवलेल्या भाज्या, पालकाची गार कोशिंबीर, तळलेल्या तोफूवरचं पाणी, ओकोनोमियाकी या जाड धिरड्याचं पीठ, सगळीकडे ती असते. दिसायला शुद्ध भाजीचे असलेले पदार्थच जास्त फसवतात.

दुसरी गोष्ट शब्दांची. जपानीत मांसाला ‘निकू’ म्हणतात, पण बोलण्यात त्या शब्दात मासा येत नाही, आणि कोंबडीही आली आहे असं प्रत्येक जण धरत नाही. यामागे जुना इतिहास आहे. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर बंदी घातली होती. मासे त्या बंदीत नव्हते. पुढे कित्येक शतकं ‘मांस न खाणारा’ माणूस मासे खातच असे. १८७२ मध्ये सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि चित्र बदलत गेलं, तरी भाषेतला तो फरक राहिलाच. ‘बेजितारियन’ हा शब्द आता बहुतेकांना ठाऊक आहे, पण त्याचा अर्थ पुष्कळांच्या लेखी ‘भाज्या आवडीने खाणारा’ एवढाच होतो, आणि सॅलडवर हॅमचे तुकडे येतात. भाषांतराच्या अ‍ॅपवर ‘शाकाहारी’ टाकलं तर कधीकधी ‘साइशोकुशुगिशा’ असा जड शब्द येतो. त्याला एखादी विचारसरणी मानणाऱ्याचा वास आहे. म्हणून मी कार्डावर शाकाहारी या अर्थाचा कुठलाच शब्द ठेवत नाही.

आपल्याकडे ‘उपवासाचं द्या’ म्हटलं की हॉटेलवाला बरोबर साबुदाणा आणि भगर आणतो, कारण उपवासाला काय चालतं याची यादी त्याच्या डोक्यात आधीच असते. परप्रांतातल्या स्वयंपाक्याला नुसतं ‘उपवास’ सांगून काही कळणार नाही. त्याला मीठ कुठलं, तेल कुठलं, हे नावानिशी सांगावं लागेल. जपानी स्वयंपाक्याचं तसंच. त्याच्यासाठी यादीच लिहायची. न चालणाऱ्या वस्तूंची तर लिहायचीच, पण चालणाऱ्यांचीही लिहायची. ही दुसरी यादी बहुतेक जण विसरतात आणि तिथेच कार्ड फसतं. नुसतं ‘हे नको, ते नको’ वाचलं की स्वयंपाकी दचकतो. ‘कोम्बूची दाशी चालेल, तोफू चालेल, मिसो चालेल’ हे वाचलं की त्याच्या डोळ्यांपुढे त्याच्या फडताळातल्या वस्तू येतात आणि तो विचार करायला लागतो.

तुमच्या घरच्या पथ्याप्रमाणे कार्ड असं होईल. हे जसंच्या तसं छापा:

```
お忙しいところ恐れ入ります。
宗教上の理由で、次のものが食べられません。
（アレルギーではありません）

× 肉・鶏肉・ハム・ベーコン
× 魚・えび・かに・貝・いか・たこ
× かつおや煮干しのだし、顆粒だし、肉や鶏のスープ
× 卵
× ラード・ゼラチン

○ 野菜・きのこ・豆腐・ご飯・卵を使わない麺
○ 昆布だし・しいたけだし
○ しょうゆ・味噌（だし入りでないもの）
○ 牛乳・乳製品

食べられる料理はありますか。
白いご飯と野菜だけでもうれしいです。
難しい場合は、どうぞ遠慮なくおっしゃってください。
```

पहिल्या ओळीचा अर्थ ‘कामाच्या गडबडीत त्रास देतोय, क्षमस्व’. दुसरीत ‘धार्मिक कारणामुळे पुढील वस्तू खाता येत नाहीत’ असं आहे. इथे ‘ताबेमासेन’ म्हणजे ‘खात नाही’ असं न लिहिता ‘ताबेरारेमासेन’ म्हणजे ‘खाता येत नाही’ असं लिहिलं आहे. पहिल्यात आवडीनिवडीचा सूर आहे, दुसऱ्यात नाइलाज आहे. नाइलाज जास्त गांभीर्याने घेतला जातो आणि ऐकायलाही मऊ लागतो. ‘धार्मिक कारण’ हे शब्द जपानमध्ये कुणाला खटकत नाहीत. त्यावर कोणी वाद घालत नाही की ‘थोडंसं चालेल का’ असंही विचारत नाही.

कंसातली ओळ सांगते की ही अ‍ॅलर्जी नाही. पुष्कळ लोक नेमकं उलटं सुचवतात, की अ‍ॅलर्जी सांगा म्हणजे काळजी घेतील. मी कधीच तसं लिहीत नाही. एक तर ते खोटं आहे. दुसरं म्हणजे अ‍ॅलर्जी म्हटलं की दुकानदारावर जबाबदारी येते. एकाच पातेल्यात, एकाच सुरीने काम करणारा छोटा दुकानदार सरळ नम्रपणे नाही म्हणतो. आणि तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं. मोठ्या साखळी रेस्टॉरंटांत अ‍ॅलर्जीचा तक्ता मिळतो. त्यात अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा असतात, पण सरकारने ठरवलेल्या त्या यादीत कात्सुओ नाही. म्हणजे तक्ता पाहून ‘यात काही नाही’ असं सांगितलेल्या वाडग्यात दाशी असू शकते.

फुली आणि गोल या खुणांबद्दलही सांगते. जपानमध्ये गोल म्हणजे बरोबर, फुली म्हणजे नाही. आपण सवयीने बरोबरची खूण करतो, पण तिथल्या शाळेत चुकलेल्या उत्तरावरही तशीच खूण करतात. हिरव्या रंगाची बरोबरची खूण केलेलं एक कार्ड मी पाहिलंय. ते वाचताना वेट्रेस अडखळली होती. गोल आणि फुलीच ठेवा.

शेवटच्या तीन ओळींवर माझा सगळ्यांत जास्त जीव आहे. आधीच्या कार्डात मी ‘कृपया हे घालू नका’ असं लिहीत होते. त्यात कितीही ‘कृपया’ घातलं तरी दुसऱ्याच्या पदार्थात बदल करायला सांगणं होतं, आणि ज्याची दाशी सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार झालेली आहे तो ती वेगळी कशी काढणार? आता मी विचारते, ‘खाता येईल असा एखादा पदार्थ आहे का?’ मग लिहिलंय, ‘नुसता पांढरा भात आणि भाजी असली तरी आनंद आहे’, म्हणजे किती कमीत आम्ही भागवू ते त्याला कळतं. आणि शेवटी, ‘अवघड असेल तर अगदी निःसंकोचपणे सांगा’. जपानी माणसाला समोरच्याला नाही म्हणणं जड जातं. त्याला नाही म्हणायची वाट करून दिली नाही, तर तो संकोचापोटी काहीतरी जमवतो आणि तेच आपल्याला महागात पडतं. तुम्ही उद्धटपणाचं विचारलंत. कार्डाची सभ्यता मला तरी या ओळीत वाटते.

आता एक खरा प्रसंग. गेल्या वर्षी साताऱ्याकडचं साठीतलं एक जोडपं माझ्याबरोबर ताकायामाला होतं. जेवणाची गर्दी १२ ते १ असते, म्हणून आम्ही सव्वाअकरालाच एका छोट्या सोबाच्या दुकानात गेलो. दारातच, बसायच्या आधी, मी दोन्ही हातांनी कार्ड दिलं आणि दोन माणसांसाठी आहे असं सांगितलं. मालक ते घेऊन आत गेला आणि तीन-चार मिनिटांनी बाहेर आला. आधी त्याने विचारलं की सोबा चालतो ना, कारण तिथे काहींना त्या कुट्टूच्या पिठाची जबर अ‍ॅलर्जी असते. मग म्हणाला, गार झारू-सोबा देतो, पण बुडवायची वाटी दाशीची आहे, त्याऐवजी नुसता शोयू म्हणजे सोया सॉस, किसलेला मुळा आणि वासाबी देतो. तोफू देतो, वरचे माशाचे काप काढून. रानभाज्यांची एक वाटी त्याने आधी यादीत धरली होती, पण कार्डावरच्या दाशीच्या ओळीवर बोट ठेवून स्वतःच म्हणाला, हे नको, या भाज्या दाशीत शिजल्यात. तेव्हा मला पटलं की ती ओळ योग्य जागी आहे.

मग त्याने तळणाचं विचारलं. तेम्पुराच्या पिठात अंडं होतं, पण भाज्या पिठाशिवाय नुसत्या तळून देता आल्या असत्या. फक्त तेल कोळंबी तळलेलंच होतं. काकूंनी ते नको म्हटलं. शेवटी भात, सोबा, तोफू आणि शेवया उकडलेलं गरम पाणी, ज्याला सोबायू म्हणतात, असं जेवण झालं. सोबायूत दुसरं काही नसतं. थंडीत शोयूचे दोन थेंब टाकून ते फार छान लागतं.

तेलाचा हा प्रश्न मात्र कार्डाने तुमच्यासाठी सोडवता येत नाही. तो आई-बाबांशी बोलून घरीच ठरवा, कारण छोट्या दुकानात वेगळी कढई जवळजवळ कधीच नसते. मासे तळलेलं तेल चालणार नसेल तर पहिली ओळ आणि चालणार असेल तर दुसरी ओळ कार्डात घाला. तेलाचं काहीच लिहिलं नाही, तर स्वयंपाकी आपल्या समजुतीने ठरवतो.

```
肉や魚を揚げた油で揚げたものも食べられません。
揚げ油は共用でもかまいません。
```

असंच मिरिन आणि साके यांचं. स्वयंपाकात चवीसाठी ती वापरतात, दोन्हींत मद्यार्क असतो. कुणाला तेही वर्ज्य असेल तर कार्डात वेगळी ओळ लागेल, आणि खाण्यासारखे पदार्थ बरेच कमी होतील.

तुमच्याकडे कांदा-लसूण चालतो म्हणून वर ते नाही. हे वाचणाऱ्यांत कुणाकडे चालत नसेल, तर त्यांच्यासाठी चांगली बातमी आहे. जपानी बौद्ध मठांतल्या शोजिन र्‍योरी या स्वयंपाकात मांस-मासे नसतातच, शिवाय कांदा-लसणाच्या जातीच्या पाच उग्र वनस्पतीही परंपरेने वर्ज्य आहेत, आणि दाशी कोम्बूची आणि शिइताके या अळंबीची असते. क्योतोत तेनर्‍यू-जी या मंदिराच्या आवारात असं जेवण मिळतं, आणि कोयासान डोंगरावरच्या मठांत राहायचीही सोय आहे. पण जैन पथ्याला तेवढं पुरत नाही, कारण मुळा, गोबो, कमळाचा कंद ही शोजिनची हक्काची सामग्री आहे. ‘कंदमुळं’ असा मोघम शब्द लिहिला तर बटाटा त्यात धरायचा की नाही यावर घोळ होतो, म्हणून नावं लिहावीत. खालची पहिली ओळ कांदा-लसणाची, दुसरी कंदांची:

```
× 玉ねぎ・ねぎ・にんにく・にら・らっきょう
× じゃがいも・にんじん・大根・ごぼう・れんこん
```

कार्ड कुठे चालत नाही तेही आधीच माहीत असलेलं बरं. रामेनच्या दुकानात दाखवू नका. तिथे हाडांचं सूप हाच पदार्थ आहे, आणि पुष्कळदा यंत्रातून कूपन काढूनच बसावं लागतं. दाशीत उकळलेलं ओदेन आणि ऑक्टोपसचे गोळे म्हणजे ताकोयाकी, यांचंही तेच. इझाकाया या जपानी पद्धतीच्या बारमध्ये बसलात की न मागता एक छोटी वाटी पुढे येते आणि तिचे पैसे लागतात. तिच्यात बरेचदा दाशी असते. जुन्या पद्धतीच्या र्‍योकानमध्ये म्हणजे जपानी पाहुणघरात राहणार असाल तर तिथे संध्याकाळी कार्ड देऊन काही होणार नाही, कारण जेवणाची खरेदी आधीच झालेली असते. हाच मजकूर आरक्षण करतानाच पाठवा आणि उत्तर आल्याशिवाय जेवणासह खोली घेऊ नका. कार्ड सगळ्यांत चांगलं चालतं ते जिथे मालक स्वतः शिजवतो अशा सोबाच्या किंवा तोफूच्या छोट्या दुकानात, थोडी निवांत वेळ गाठून.

देताना ‘सुमिमासेन’ म्हणा आणि कार्ड दोन्ही हातांनी, मजकूर त्यांच्याकडे करून द्या. मग थांबा, घाई करू नका. मान एका बाजूला कलवून, दातांतून श्वास ओढून ‘चोत्तो... मुझुकाशी देस’ असं आलं, तर शब्दशः अर्थ ‘जरा अवघड आहे’ असला तरी ते ‘नाही’ आहे. तिथे विनवणी करू नका. ‘वाकारिमाश्ता, आरिगातो गोझाइमाश्ता’, म्हणजे ‘समजलं, आभारी आहे’, असं म्हणून बाहेर पडा. म्हणूनच बसायच्या आधी द्यायचं: चहा आणि हात पुसायचा रुमाल आल्यावर उठणं दोघांनाही अवघडल्यासारखं होतं.

ताट आल्यावर एकदा नाकाने आणि डोळ्यांनी बघा. कात्सुओच्या दाशीला धुराचा वास असतो. कोम्बूच्या दाशीला तो नसतो, फिकट, गोडसर, समुद्राकडची चव असते. तोफूवर किंवा पालकावर गुलाबीसर पातळ पापुद्रे दिसले, गरम पदार्थावर ते हलत असले, तर ते माशाचेच काप. शंका आली तर वाडग्याकडे हात करून ‘कात्सुओ?’ एवढंच विचारा. नात्तो या आंबवलेल्या सोयाबीनबरोबरच्या पुडीतला रस, पोन्झू हा आंबट सॉस आणि मसाला लावलेली नोरी ही समुद्री शेवाळाची पट्टी यांतही मासा किंवा कोळंबी असू शकते. साधा शोयू मागितलेला बरा.

आकाराचं म्हणाल तर नेहमीच्या नावपत्रात एवढा मजकूर मावत नाही, अक्षरं बारीक होतात आणि पन्नाशीचा स्वयंपाकी चष्मा शोधत बसतो. पोस्टकार्डाएवढं, १० बाय १५ सेंटिमीटरचं करा, काळी ठळक अक्षरं, पांढरा कागद, आणि लॅमिनेट करून घ्या, कारण ते ओल्या हातांत जाणार आहे. मागच्या बाजूला मराठीत प्रत्येक ओळीचा अर्थ लिहून ठेवा, म्हणजे कोणी एखाद्या ओळीवर बोट ठेवून काही विचारलं तर आई-बाबांनाही कळेल. चार-पाच प्रती न्या. स्वयंपाकघरात गेलेलं कार्ड परत आणायचं राहून जातं, आणि एक प्रत राहत्या हॉटेलच्या काउंटरवर दिलीत तर ते लोक दुकानात आधी फोन करून विचारून देतात. तेलाचं घरी काय ठरतंय ते कळवा. त्यावर एखादी ओळ इकडची तिकडे करायची असेल तर करून देते.